दुपारी जॉब फुगतो

नमस्कार. मागच्यांना ऐकू येतंय ना? कॉम्प्रेसर सुरू झाला की हात वर करा, मी थांबेन.

आजचा माझा विषय आहे अर्धवट कल्पना न घाबरता कशा मांडायच्या. त्यासाठी मला पंचवीस मिनिटं मिळालीत आणि विसाव्या मिनिटाला चिठ्ठी येणार आहे, असं आधीच बजावून ठेवलंय. त्याबद्दल मला तीन गोष्टी सांगायच्यात. त्याआधी एक किस्सा सांगतो. माझ्या टीममधल्यांनी तो चार वेळा ऐकलाय. त्यांनी बाहेर चहा घेऊन यायला माझी हरकत नाही.

पण आधी हा मागचा बॅनर बघा. कल्पना म्हटलं की लोक पेटलेला बल्ब का काढतात, कोण जाणे. मला तरी कल्पना बल्बसारखी कधी सुचलेली नाही. ती जुन्या ट्यूबलाइटसारखी असते. आधी नुसती फडफडते, मग कोणीतरी स्टुलावर चढून ट्यूब जरा फिरवतो, कोणी स्टार्टर बदलतो, आणि बराच वेळ घरातले सगळे म्हणत असतात, "राहू दे, गेली ती." पुढच्या वर्षी बॅनरवर ट्यूबलाइट काढा, एवढी माझी पहिली सूचना.

दुसरी तक्रार आपल्या सूचना-पत्राबद्दल. रागावू नका, हे पत्र मी जिथे जिथे नोकरी केली तिथे असंच होतं. पहिला रकाना, सध्याची स्थिती. दुसरा, सुचवलेली सुधारणा. तिसरा, खर्च. चौथा, वार्षिक बचत रुपयांत. खाली विभागप्रमुखांची सही. आता मला सांगा, ज्याला वार्षिक बचत रुपयांत ठाऊक आहे, त्याची कल्पना अर्धवट राहिलीय कुठे? त्याचं काम झालंय, तो फक्त बक्षिसाची वाट बघतोय. मग आपल्याकडे कसल्या सूचना येतात? जेवणाच्या सुट्टीत पंखे बंद ठेवा. ट्रॉलीला चाकं बसवा. वाईट नाहीत, पण त्या येतात कारण त्यांचा हिशेब त्या रकान्यात मावतो. ज्याला नुसतं काहीतरी खटकलंय, त्याने चौथ्या रकान्यात काय लिहायचं? तो पेन खाली ठेवतो आणि मशीनवर परत जातो. या चौथ्या रकान्याशी माझं वैर आहे, आणि ते का आहे ते किश्शातच येईल.

मी तेव्हा दुसऱ्या एका कंपनीत होतो. आम्ही अ‍ॅल्युमिनियमच्या हाऊसिंग करायचो. त्यात एक बोअर ८० मिलिमीटर, एच-७. इथे बसलेल्या निम्म्यांना पाठ आहे, पण अकाउंट्सवाल्यांसाठी सांगतो: म्हणजे भोक ८० पेक्षा लहान चालणार नाही आणि मोठं झालं तरी ३० मायक्रॉनपर्यंतच. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमच्या टीडीएसपेक्षाही बारीक कापलेला.

मशीनवर डायल बोअर गेज होतं. स्टीलच्या सेटिंग रिंगवर ते झीरो करायचं, मग जॉबमध्ये, म्हणजे त्या हाऊसिंगच्या भोकात, घालायचं. काटा प्लस पंधराच्या आसपास आला की जॉब मधोमध, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी तोच जॉब एसी लावलेल्या तपासणी खोलीत जायचा आणि तिथे काही जॉब लहान निघायचे. मायनस दोन, मायनस तीन. लाइनवर ओके, क्यूसीत नापास. क्यूसीवाले म्हणायचे, लाइनवाल्यांना मोजता येत नाही. लाइनवाले म्हणायचे, क्यूसीला कारण लागतं. घरोघरी मातीच्या चुली, त्यामुळे पुढचा तपशील सांगत नाही.

आम्ही काय काय केलं बघा. इन्सर्टची ग्रेड बदलली. स्पिंडल तपासला. वेगवेगळ्या ऑपरेटरकडून तेच जॉब पुन्हा पुन्हा मोजून घेतले. गेज कॅलिब्रेशनला पाठवलं, ते ठणठणीत असल्याचं सर्टिफिकेट घेऊन परत आलं. ते लक्षात ठेवा, त्या सर्टिफिकेटकडे पुन्हा यायचंय.

त्या मशीनवर एक मामा होते. सगळे त्यांना मामाच म्हणायचे, मीही. आठवी शिकलेले, रिटायरमेंटला चार-पाच वर्षं उरलेली. मे महिन्यातल्या सकाळच्या मीटिंगला, लाइनशेजारी उभ्या-उभ्या होते ना आपली, तशीच, रिजेक्शनचा विषय निघाला. मामा म्हणाले, "साहेब, दुपारी जॉब फुगतो. कूलंट पातळ पडतं उन्हानं, टूल नीट कापत नाही. ती रिंग बी कूलंटमध्ये बुडवून ठेवू का?"

यावर मी काय बोललो ते शब्दशः सांगतो, कारण ते मला विसरता आलेलं नाही. मी म्हणालो, "मामा, रिंग काय गुलाबजाम आहे का, पाकात टाकायला?" सगळे हसले. चांगला विनोद होता, तुम्हीही आत्ता हसलात. मग मी जरा गंभीर चेहरा करून विचारलं, "डेटा आहे का काही?" मामा म्हणाले, "न्हाई साहेब, आपलं असंच." मीटिंग पुढे सरकली.

आता माझी बाजूही ऐका. मामांचं स्पष्टीकरण साफ चुकीचं होतं. कूलंट पातळ होण्याने बोअर लहान होत नव्हतं. इंजिनियर म्हणून मी ते बरोबर ओळखलं होतं. स्पष्टीकरण चुकीचं दिसल्यावर मी अख्खं वाक्यच फेकून दिलं, आणि त्याच वाक्यात 'दुपारी' हा शब्द होता. आमच्या कुठल्याही तक्त्यात वेळ नव्हती. तारीख होती, शिफ्ट होती, ऑपरेटरचं नाव होतं. जॉब किती वाजता निघाला हे कोणी लिहीतच नव्हतं. हातात गेज धरून मामांनी ते पाहिलं होतं. कल्पना अर्धवट होती म्हणजे काय, तर निरीक्षण सोन्यासारखं आणि कारण भंगार. मी सोनं भंगारात तोललं.

पुढे पाऊस आला, रिजेक्शन कमी झालं. डिसेंबरात जवळजवळ शून्य. नव्या इन्सर्टमुळे झालं म्हणून त्या गटाचा सत्कारही झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो. मार्चमध्ये रिजेक्शन सत्काराला न जुमानता परत आलं.

त्याच सुमारास एक डिप्लोमाची ट्रेनी मुलगी मामांच्या हाताखाली आली. जेवताना मामांनी तिला आपली गोष्ट सांगितली असणार. तिच्यावर त्या मीटिंगमध्ये कोणी हसलेलं नव्हतं, म्हणून तिला ती हसण्यासारखी आहे हे ठाऊकच नव्हतं. एका सकाळी ती माझ्या टेबलाशी वहीचं पान घेऊन उभी. आठ जॉब, प्रत्येकाचे तीन आकडे. मशीनवरून काढल्या-काढल्या, जेवणाची सुट्टी झाल्यावर, आणि क्यूसीत. पहिलाच जॉब: प्लस अठरा, प्लस नऊ, मायनस दोन. ती म्हणाली, "सर, मामा जेवायला गेले की जॉब बारीक होतो." एकच जॉब. कोणी हात लावला नाही. ट्रॉलीवर पंख्याखाली अर्धा तास पडून नऊ मायक्रॉन गेले.

इथे मात्र माझी ट्यूब फडफडली. कागद घेतला. अ‍ॅल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, स्टील साधारण साडेअकरा, म्हणजे निम्मं. आमच्या ८० मिलिमीटरला हे होतात अंशामागे अ‍ॅल्युमिनियमचे १.८४ आणि स्टीलचे ०.९२. जॉब ३७ अंशांवर मशीनमधून बाहेर येत होता, शेडमध्ये ३२ होते. अर्ध्या तासात जॉब पाच अंश उतरला, पाच गुणिले १.८४, नऊ मायक्रॉन. मामांची जेवणाची सुट्टी हिशेबात चोख बसली.

आणि उरलेले अकरा? ते आणखी मजेदार. माप ज्या तापमानाला खरं धरायचं ते जगभर २० अंश आहे, १९३१ साली ठरलेलं. जॉब शेडच्या ३२ अंशांना आला तरी २० च्या मानाने बावीस मायक्रॉन फुगलेलाच असतो. शेजारची स्टीलची रिंगही ३२ वरच असते, पण ती फुगते फक्त अकरा. गेज रिंगवर झीरो केलं, म्हणजे अकरा माफ झाले आणि अकरा तसेच राहिले. काटा प्लस अठरा म्हणत होता तेव्हा जॉब खरोखर मायनस दोन होता. वीस मायक्रॉनची थाप, आणि आमच्याकडे टॉलरन्सच मुळात तीसचा. ऑपरेटर बिचारा काटा मधोमध ठेवायला ऑफसेट कमी करायचा, म्हणजे जितकं इमानदारीने काम करावं तितका जॉब लहान. सकाळी सातला सगळंच थंड असल्याने थाप सात-आठ मायक्रॉनची असायची आणि जॉब तरून जायचा. म्हणून डिसेंबरात सत्कार.

ते सर्टिफिकेट आठवतंय? गेज खरंच ठणठणीत होतं, कारण कॅलिब्रेशन होतं ते २० अंशांच्या खोलीत. तिथे ते कशाला खोटं बोलेल?

मग मी शेडमध्ये गेलो आणि मामांना म्हणालो, "मामा, बुडवा रिंग." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की आता ह्याचा पुढचा विनोद काय. पण बुडवली. आणि आता खरी गंमत ऐका, कारण गोष्ट इथे 'मामाच बरोबर होते' म्हणून संपली तर ती सिनेमातली झाली. रिंग ३७ अंशांच्या कूलंटमध्ये ठेवली, गेज झीरो केलं, जॉब मोजला. वीसची थाप सोळावर आली, तेवढीच. कारण रिंग स्टीलची. कितीही तापवा, ती निम्मीच फुगणार. मामांचा चेहरा पडला. तेव्हा ती पोरगी म्हणाली, "सर, पण रिंग स्टीलचीच कशाला पाहिजे? आपलाच एखादा चांगला जॉब घेतला तर?"

झालं. एक चांगला जॉब तपासणी खोलीत २० अंशांवर मोजला, त्याचा खरा आकडा वर कोरला, पिवळा रंग दिला. तो लाइनवर मास्टर. नियम एवढाच की मास्टर आणि मोजायचा जॉब एकाच कूलंटच्या ट्रेमध्ये पाच मिनिटं शेजारी-शेजारी ठेवायचे, मग गेज मास्टरवर लावायचं आणि जॉब मोजायचा. दोघं एकाच धातूचे, एकाच तापमानाचे. जेवढा हा फुगेल तेवढाच तो. थर्मामीटरसुद्धा नको. खोट होतीच. अ‍ॅल्युमिनियम मऊ, गेज घालून-काढून झिजतं, म्हणून दर सोमवारी पिवळ्या जॉबला क्यूसीत हजेरी लावायची आणि आकडा हलला की दुसरा रंगवायचा. शिवाय सगळं रिजेक्शन काही थांबलं नाही. क्लॅम्प जास्त आवळल्यामुळे भोक लंबगोल होण्याचा वेगळा रोग होता, तो राहिलाच. पण दुपारचे लहान जॉब थांबले.

आता त्या सूचना-पत्रात हे कोणाच्या नावावर लिहायचं सांगा. मामांकडे निरीक्षण होतं आणि एक चुकीचं कारण. मुलीकडे वही होती, माझ्याकडे गुणाकार. बुडवायची कल्पना मामांची, ती फसली, आणि ती फसली म्हणूनच पिवळा जॉब सुचला. बुडवलीच नसती तर? मी मे महिन्यात तो गुलाबजाम केला आणि ते मार्चमध्ये उलगडलं. दहा महिने. मामा त्या दहा महिन्यांत मीटिंगला रोज हजर होते. रोज. एक अक्षर बोलले नाहीत.

आली चिठ्ठी. पाच मिनिटं? पाच मिनिटांत तीन गोष्टी, म्हणजे आता गाडी पळवतो.

पहिली. मांडताना पाहिलेलं वेगळं सांगा आणि वाटलेलं वेगळं सांगा. दोन वाक्यं करा. "दुपारी जॉब लहान निघतात, मी तीनदा पाहिलं." पूर्णविराम. "मला वाटतं कूलंटमुळे असेल, नसेलही." असं सांगितलं की कारण पाडणाऱ्याला कारण पाडू दे, निरीक्षण उभं राहतं. भीती वाटते ती बहुतेक दुसऱ्या वाक्याची, आणि तिच्यापायी आपण पहिलंही गिळतो. जमलं तर तिसरं वाक्य जोडा, की हे खोटं ठरवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग कोणता. त्या मुलीला एक वहीचं पान लागलं. बचत रुपयांत सांगू नका. कोणी विचारलीच तर माझ्याकडे पाठवा.

दुसरी, ऐकणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्यासारख्या केस पिकलेल्यांसाठी. "डेटा आहे का?" हा प्रश्न पहिला विचारायचा नाही. प्रश्न चांगलाच आहे, पण तो पहिला आला की त्याचा अर्थ 'गप्प बस' असा होतो. त्याऐवजी विचारा, "कुठे दिसलं? कधी दिसलं?" मी त्या दिवशी मामांना "दुपारी म्हणजे किती वाजता?" एवढं विचारलं असतं तर जेवणाची सुट्टी तिथेच निघाली असती. आणि विनोद करायचाच तर स्वतःवर करा. साहेबाच्या विनोदाला सगळे हसतात, त्यामुळे तो चांगला होता की नाही हे साहेबाला कधीच कळत नाही. (हशा) बघा, आत्ताही.

तिसरी. आज दुपारी तुमचे गट बसणार आहेत, तिथे आल्या-आल्या बोलायला लागू नका. अमेरिकेत येल विद्यापीठात १९५८ साली एक प्रयोग झाला होता. चार-चार जणांचे गट एकत्र बसून कल्पना सांगत होते, आणि दुसरीकडे तेवढेच लोक एकेकटे बसून काम करत होते. एकेकट्या चौघांच्या कल्पना एकत्र केल्या, सारख्या असलेल्या वगळल्या, तरी त्या एकत्र बसलेल्या चौघांच्या जवळपास दुप्पट भरल्या. पुढे १९८७ च्या सुमारास जर्मनीतल्या दोघा संशोधकांनी कारण शोधलं. लोक लाजतात हे थोडंफार होतंच, पण मोठा वाटा अगदी साध्या गोष्टीचा निघाला: दुसरा बोलत असताना आपल्याला थांबावं लागतं, आणि तेवढ्यात आपली कल्पना विरून जाते. अर्धवट कल्पना तर आधी विरते. म्हणून पहिली पाच मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून चिठ्ठीवर लिहायचं. मग वाचायचं, आणि सगळ्यात नव्या माणसापासून सुरुवात करायची. विभागप्रमुख शेवटी. मी आज दुपारी चौथ्या गटात आहे आणि माझी चिठ्ठी शेवटी वाचली जाईल, हे इथे सगळ्यांसमोर लिहून घ्या.

एक मिनिट उरलंय का? अर्धं? मग माझी एक अर्धवट कल्पना सांगतो, नाहीतर म्हणाल की हा नुसता बोलतो.

आपल्या लीक टेस्टच्या मशीनवर सकाळच्या पहिल्या तासात जे जॉब फेल होतात, त्यातले काही अकरा वाजता रिटेस्टला पास होतात. हे पाहिलेलं. गेल्या आठवड्यात दोन दिवस मी तिथे उभा होतो, पाच जॉब मोजले, पाच म्हणजे काहीच नाहीत. आता वाटलेलं. रात्रभर शटरपाशी पडलेले जॉब गार असतात. आपण आत हवा भरतो, दाबल्यामुळे ती हवा जरा तापते, आणि गार जॉबमध्ये ती भराभर निवत असेल तर दाब उतरतो, मशीनला वाटतं गळतंय. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, तसं मला एकदा तापमान सापडल्यापासून सगळीकडे तापमानच दिसतं, त्यामुळे हे साफ चुकीचं असू शकतं. सील कडक झालं असेल, सकाळच्या हवेच्या लाइनमध्ये पाणी येत असेल. खोटं ठरवायचा स्वस्त मार्ग असा: सकाळी फेल झालेले दहा जॉब, एक थर्मामीटर, तेच जॉब अर्धा तास आत ठेवून पुन्हा टेस्ट. उद्या पहिल्या शिफ्टला कोण आहे? मागे कोणाचा तरी हात दिसतोय. तू? मग सातला लीक टेस्टपाशी ये. थर्मामीटर मी आणतो, वही तू आण.